पुढचा हप्ता मागताना : परत आलेल्या एका पत्राचा धडा



गेल्या नोव्हेंबरात आमचे एक पत्र परत आले. तेरखेड्याजवळच्या पारधी पेढीवर आम्ही जो प्रकल्प चालवतो, त्याचा दुसरा हप्ता सोडावा अशी विनंती त्या पत्रात होती. देणगीदार न्यासाने नकार दिला नव्हता. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते आणि उत्तर आल्यावर पुढे पाहू, असे कळवले होते. त्या तीन प्रश्नांनी मला जे शिकवले ते या लेखात मांडते. आपल्यापैकी काही जण मंडळीच्या कार्यकारिणीत आहेत, काही जण खजिनदार आहेत आणि बरेच जण देणगीदार आहेत. पत्र लिहिणाऱ्याला आणि ते वाचणाऱ्याला, दोघांनाही हा धडा उपयोगी पडेल. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतले आहेत.

प्रकल्प काय होता

तेरखेडा हे वाशी तालुक्यातले, सोलापूर–धुळे महामार्गावरचे गाव. बाहेरच्या लोकांना ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे माहीत असते. या भागात पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांना इकडे पेढी म्हणतात. आमचे काम अशाच एका पेढीवर चालते. संध्याकाळी चाळीस मुलांचा अभ्यासवर्ग भरतो, वर्गानंतर मुलांना जेवण मिळते आणि मोठ्यांना जातीचा दाखला काढायला मदत होते.

वर्षाचे अनुदान ४,८०,००० रुपये, दोन समान हप्त्यांत. पहिला हप्ता २,४०,००० रुपयांचा, जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांसाठी. त्याची विभागणी करारातच होती. दोन शिक्षकांचे मानधन ७२,०००, जेवण १,२०,०००, दाखल्यांचे काम २४,०००, वह्या-पुस्तके १२,००० आणि हिशेब, दूरध्वनी वगैरे कार्यालयीन खर्च १२,०००. करारात तीन अटी होत्या. पहिल्या हप्त्याच्या निदान ७५ टक्के रकमेचा खर्च झाल्यावरच दुसरा हप्ता मागायचा. कोणत्याही बाबीत ठरलेल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खर्च होणार असेल तर लेखी परवानगी घ्यायची. मागणीसोबत खर्चाचा गोषवारा जोडायचा.

दिवाळी आटोपली की पेढीवरची काही कुटुंबे ऊसतोडीला, कोयत्यावर, निघतात. त्या वर्षी अशा घरांतली नऊ मुले मागे आजीपाशी राहिली होती. संध्याकाळचे जेवण मिळते म्हणूनच ती राहिली होती. डिसेंबरात जेवण बंद पडले असते, तर त्या आज्यांना नातवंडे आईबापांकडे फडावर पाठवावी लागली असती. एकदा फडावर गेलेले मूल हंगाम संपेपर्यंत शाळेत येत नाही. त्यामुळे हप्ता जानेवारीत येऊन आमचे भागले नसते, तो डिसेंबरच्या मध्याआधीच हवा होता.

पहिले पत्र

५ नोव्हेंबरला मी लिहिलेले पत्र साधारण असे होते :

“आपल्या कृपेने प्रकल्पाचे कार्य अतिशय उत्तम रीतीने सुरू आहे. अनेक मुले अभ्यासवर्गाचा लाभ घेत असून अनेक कुटुंबांना दाखल्यांसाठी मदत झाली आहे. पहिल्या हप्त्याची संपूर्ण रक्कम रु. २,४०,००० खर्च झाली आहे. निधीअभावी काम थांबण्याची वेळ आली आहे. तरी दुसरा हप्ता त्वरित देऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती.”

सोबत बँकेचा उतारा होता. आठवड्याने प्रश्न आले. पहिला : ३१ ऑक्टोबरला खात्यात ३९,७०० रुपये दिसतात, मग संपूर्ण रक्कम खर्च झाली असे कसे? दुसरा : हा खर्च कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि कोणत्या बाबीवर किती झाला? तिसरा : “अनेक” म्हणजे किती?

पहिला प्रश्न वाचून मला घाम फुटला. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण मी लिहिलेले वाक्य खरे नव्हते.

२,४०,००० चा आकडा आला कुठून

आमचे हिशेब पाहणारे काका आणि मी कीर्द उघडून बसलो. ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावती किंवा व्हाउचर असलेला प्रत्यक्ष खर्च १,८६,००० रुपये होता. २९ ऑक्टोबरला किराणा दुकानदाराला पुढच्या तांदूळ-डाळीसाठी १५,००० रुपये आगाऊ दिले होते. माल अजून आला नव्हता. तेही मी खर्चात धरले होते. राहिले ३९,०००. तो नोव्हेंबरचा होऊ घातलेला खर्च म्हणून मी लिहून टाकला होता. खरे सांगायचे तर तो आकडा हिशेबातून आलाच नव्हता, बेरीज २,४०,००० व्हावी म्हणून आला होता. हप्ता पूर्ण संपला असे दिसले तरच दुसरा मिळेल, अशी माझी समजूत होती.

म्हणजे मी तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या होत्या : झालेला खर्च, दिलेली उचल आणि पुढे होणारा खर्च.

त्यांतला फरक मला समजावला तो आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. आमचे बोलणे त्या भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, मुकादमाची उचल घेतली म्हंजी मजुरी झाली का? ऊस तोडून फिटस्तवर ते देणंच असतं की.” अगदी तसेच. दुकानदाराला दिलेले पंधरा हजार ही आपण त्याला दिलेली उचल आहे. माल आला, वजन करून घेतला, बिल मिळाले की ती उचल फिटते आणि त्या दिवशी ती खर्चात जाते. तोवर ती आपली दुकानदाराकडे असलेली येणे रक्कम आहे. शिक्षकाला प्रवासासाठी दिलेली आगाऊ रक्कम, वसतिगृहासाठी भरलेली अनामत, छपाईसाठी दिलेला विसार, या सगळ्यांना हाच नियम लागू होतो.

पुढच्या महिन्याचा खर्च तर अजून घडलेलाच नसतो. तो दाखवायला हरकत नाही, उलट दाखवावाच. पण त्याची जागा खर्चाच्या रकान्यात नाही. “पुढे लागणारी रक्कम” अशा स्वतंत्र ओळीत तो लिहावा.

एक ओळ जी जुळलीच पाहिजे

गोषवारा बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी काकांनी मला दिली. मिळालेला हप्ता अधिक बँकेचे व्याज, ही एक बाजू. प्रत्यक्ष खर्च, बँकेतली शिल्लक, हातातली रोकड आणि न फिटलेली उचल, ही दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकाच तारखेला रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत.

आमचे असे झाले. हप्ता २,४०,००० आणि बचत खात्याचे व्याज १,२००, मिळून २,४१,२००. दुसऱ्या बाजूला खर्च १,८६,०००, बँकेत ३९,७००, रोख ५०० आणि दुकानदाराकडे १५,०००. बेरीज २,४१,२००. जुळले.

या ओळीत “एकाच तारखेला” हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझे पत्र ५ नोव्हेंबरचे, बँकेचा उतारा ३१ ऑक्टोबरचा आणि खर्चाचा आकडा माझ्या कल्पनेतल्या ३० नोव्हेंबरचा होता. तीन तारखांचे आकडे शेजारी ठेवले तर हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी जुळणार नाही, आणि वाचणाऱ्याला काहीतरी लपवले आहे असेच वाटेल. म्हणून आधी एक तारीख ठरवावी, शक्यतो महिनाअखेर, कारण बँकेचा उतारा त्या दिवसापर्यंत मिळतो. मग प्रत्येक आकडा त्याच दिवसाचा घ्यावा. एखादा धनादेश दिला असेल पण बँकेत वटला नसेल, तर कीर्द आणि उतारा यांत तेवढा फरक राहतो. तो एका ओळीत लिहून द्यावा, लिहिला की प्रश्न उरत नाही.

व्याजाची ओळ पुष्कळ जण विसरतात. रक्कम लहान असते, पण ती देणगीदाराच्या पैशावर मिळालेली असते. ती प्रकल्पातच वापरायची की परत करायची हे करारावर अवलंबून असते. केंद्र सरकारच्या अनुदानात तर सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ प्रमाणे असे व्याज सरकारजमा करावे लागते आणि उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ या ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते.

७५ टक्क्यांची अट

आता मुख्य प्रश्न. खरा आकडा सांगितला तर हप्ता अडेल का? मला याचीच भीती होती, म्हणून मी आकडा फुगवला होता. भागाकार करून पाहिला. १,८६,००० भागिले २,४०,००० म्हणजे ७७.५ टक्के. अट ७५ टक्क्यांची, म्हणजे १,८०,००० ची. आम्ही सहा हजारांनी पुढेच होतो! खरे लिहून जे मिळणार होते तेच मागायला मी खोटे लिहिले होते.

७५ टक्के हा आकडा का, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण १०० टक्के खर्च होईपर्यंत मागायचे नाही असे ठरवले, तर पत्र जाऊन तपासणी होऊन पैसे येईपर्यंत काम बंद ठेवावे लागेल. उरलेला पाव हिस्सा त्या मधल्या दिवसांसाठी असतो. तेव्हा खात्यात शिल्लक दिसणे हा दोष नाही, ती असायलाच हवी. अशीच अट परदेशी निधीच्या कायद्यातही आहे. पूर्वपरवानगीने एक कोटी रुपयांहून अधिक परदेशी देणगी हप्त्यांनी मिळत असेल, तर आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के वापरल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष चौकशी झाल्यावरच पुढचा हप्ता मिळतो. आपला प्रकल्प त्यापुढे लहान आहे, पण विचार तोच आहे.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. काठावर असाल तर एखादी बाब देणगीदाराने अमान्य केली तरी ७५ टक्के राहतात का, हे आधीच पाहावे. आमच्याकडे अशी एक बाब होती.

जास्त झालेला खर्च

दाखल्यांच्या कामाला सहा महिन्यांसाठी २४,००० ठरले होते. पाच महिन्यांतच २७,५०० झाले, म्हणजे ३,५०० जास्त. दहा टक्क्यांची मुभा २,४०० ची. त्यापुढचे १,१०० आम्ही परवानगीशिवाय खर्च केले होते. पहिल्या पत्रात मी बाबनिहाय आकडे दिले नाहीत, त्यामागे हेही एक कारण होते.

खर्च वाढण्याचे कारण अगदी खरे होते. फासे पारधी ही आपल्या राज्यात अनुसूचित जमात आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेच्या आधीपासूनचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे गावोगाव फिरत होते आणि शाळेत कधी गेलेच नाहीत, त्यांच्याकडे तो कुठून असणार? शिवाय हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. जुनी नोंद मिळालीच तर ती बऱ्याचदा उर्दूत असते, म्हणजे नक्कल काढण्याबरोबर भाषांतराचाही खर्च येतो. दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत एखाद्या आजोबांचे नाव सापडेल म्हणून आमचे कार्यकर्ते तीन-तीन वेळा गेले. प्रस्ताव लिहिताना मी अर्जाचा आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च धरला होता, शोधाचा धरला नव्हता.

अशा वेळी मोह होतो तो जास्तीचे ३,५०० दुसऱ्या बाबीत सरकवण्याचा. जेवणाच्या बाबीत पैसे शिल्लक होते, तिथे ते सहज लपले असते. पण व्हाउचरवर “बसभाडे” लिहिलेले असते आणि तपासणीला येणारा माणूस व्हाउचर उघडूनच पाहतो. त्याहून मोठे नुकसान आपलेच होते. पुढच्या वर्षीही दाखल्यांना २४,००० च मंजूर होतील, कारण कागदावर ते पुरले असेच दिसेल.

म्हणून खर्च ज्या बाबीचा त्याच बाबीत दाखवावा, कारण सांगावे आणि परवानगी मागावी. परवानगी नाकारली गेली तर काय, तेही मोजले. सगळे ३,५०० अमान्य झाले तरी मान्य खर्च १,८२,५०० राहतो, म्हणजे ७६ टक्के. हप्ता अडत नव्हता. ती रक्कम फार तर आम्हाला संस्थेच्या स्वतःच्या निधीतून भरावी लागली असती.

“अनेक” म्हणजे किती

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटात होते. जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या तेव्हा वर्ग सुरू झाला. वर्गाचे दिवस जूनमध्ये १२, जुलैत २६, ऑगस्टमध्ये २३, सप्टेंबरमध्ये २५ आणि दिवाळीच्या सुटीमुळे ऑक्टोबरमध्ये १८ भरले, एकूण १०४. सरासरी हजेरी ३८. म्हणजे ३,९५२ ताटे. जेवणाचा खर्च ८३,०००, म्हणून एका ताटाला २१ रुपये. प्रस्तावात २० धरले होते.

हा छोटा भागाकार पत्रातले सर्वांत बोलके वाक्य ठरला. खर्च आणि हजेरी हे दोन वेगळ्या माणसांनी ठेवलेल्या दोन वेगळ्या वह्यांतले आकडे आहेत. त्यांचा भागाकार समजण्यासारखा निघाला की दोन्ही वह्या एकमेकींची साक्ष देतात. तोच जर ताटाला ४५ रुपये निघाला असता, तर पत्र पाठवण्याआधी आम्हालाच बसून शोधावे लागले असते. बँकेचा उतारा पैसे गेले एवढेच सांगतो. मुलांच्या ताटात काय पडले हे तो सांगत नाही, ते हजेरीपटातूनच कळते.

दाखल्यांचा आकडा मात्र लिहायला जड गेला. वीस अर्ज दाखल करू असे आम्ही कबूल केले होते. दाखल झाले अकरा आणि हातात दाखले आले चार. “अनेक कुटुंबांना मदत” या शब्दांमागे हे दडलेले होते. तरी ते लिहिले, कारण खर्च जास्त आणि काम कमी का, याचे उत्तर एकच होते, १९५० पूर्वीचा पुरावा.

दुसरे पत्र

किती मागायचे, हे आता ठरवायचे होते. नोव्हेंबरचा अंदाज नीट काढला : मानधन १२,०००, जेवण २०,०००, दाखले ३,०००, कार्यालयीन २,०००, मिळून ३७,०००. हातातल्या ५५,२०० मधून तो वजा जाता १८,२०० उरणार होते, म्हणजे डिसेंबरचे जेमतेम पंधरा दिवस. “काम थांबण्याची वेळ आली आहे” या वाक्याऐवजी ही तारीखच लिहिली. १७ नोव्हेंबरला पाठवलेले पत्र असे :

“विषय : दुसरा हप्ता सोडण्याबाबत, सुधारित विनंती.

आमच्या ५ नोव्हेंबरच्या पत्रात पहिला हप्ता पूर्ण खर्च झाल्याचे लिहिले होते. ते चुकीचे होते. त्यात किराणा दुकानदाराला दिलेली आगाऊ रक्कम आणि नोव्हेंबरचा अंदाजित खर्च धरला गेला होता. ते पत्र रद्द समजून हे ग्राह्य धरावे.

३१ ऑक्टोबरअखेर प्रत्यक्ष खर्च रु. १,८६,०००, म्हणजे हप्त्याच्या ७७.५ टक्के आहे. शिल्लक, व्याज व आगाऊ रक्कम धरून रु. ५५,२०० आहेत. नोव्हेंबरच्या खर्चानंतर रु. १८,२०० उरतील व ते साधारण १५ डिसेंबरपर्यंत पुरतील.

विनंती दोन आहेत. एक, डिसेंबर ते मे या काळासाठी रु. २,४०,००० लागतील, त्यांतून वरील रु. १८,२०० वजा करून रु. २,२१,८०० सोडावेत व ती शिल्लक त्याच काळात वापरण्यास मान्यता द्यावी. दोन, दाखल्यांच्या बाबीत नोव्हेंबरअखेर रु. ६,५०० जास्त होतील. जूनमध्ये वर्ग उशिरा सुरू झाल्याने जेवणाच्या बाबीत बचत आहे, त्यातून ही रक्कम वळवण्यास परवानगी द्यावी. ठरलेल्या मर्यादेपलीकडचे रु. १,१०० आम्ही परवानगीआधीच खर्च केले, ही आमची चूक आहे.

वर्ग १०४ दिवस भरला, सरासरी हजेरी ३८. दाखल्यांचे अर्ज २० ऐवजी ११ दाखल झाले, ४ दाखले मिळाले. १९५० पूर्वीच्या नोंदी शोधण्यास अपेक्षेहून जास्त वेळ व प्रवास लागतो.

पालक ऊसतोडीला गेलेली ९ मुले सध्या जेवणाच्या सोयीमुळे गावात राहून शाळेत जात आहेत.”

सोबत एका पानाचा गोषवारा :

३१ ऑक्टोबरअखेर खर्चाचा गोषवारा (रुपये)

| बाब | सहा महिन्यांसाठी मंजूर | पाच महिन्यांचा खर्च | शेरा |
|---|---|---|---|
| मानधन | ७२,००० | ५४,००० | एक जागा महिनाभर रिकामी |
| जेवण | १,२०,००० | ८३,००० | ३,९५२ ताटे |
| दाखले | २४,००० | २७,५०० | ३,५०० जास्त, परवानगी मागितली |
| वह्या-पुस्तके | १२,००० | ११,५०० | खरेदी जूनमध्येच |
| कार्यालयीन | १२,००० | १०,००० | |
| एकूण | २,४०,००० | १,८६,००० | ७७.५ टक्के |

मिळालेला हप्ता २,४०,००० + व्याज १,२०० = २,४१,२००
खर्च १,८६,००० + बँक ३९,७०० + रोख ५०० + आगाऊ १५,००० = २,४१,२००

शेरा या रकान्यात मोठे स्पष्टीकरण नाही. ज्या ओळीत आकडा पाहून प्रश्न पडेल तिथेच दोन-चार शब्द आहेत. मानधनात पाच महिन्यांचे ६०,००० हवे होते, ५४,००० का? एक शिक्षक ऑगस्टमध्ये सोडून गेले आणि नवे यायला महिना लागला. हे आम्हाला पाठ होते, पण वाचणाऱ्याला कसे कळणार? खाली खजिनदार आणि अध्यक्ष यांच्या सह्या होत्या, सोबत त्याच तारखेचा बँकेचा उतारा आणि हजेरीचा महिनावार तक्ता. मूळ बिले पाठवली नाहीत. ती फाईलला ठेवली आणि केव्हाही पाहता येतील असे लिहिले. करारात सनदी लेखापालाची सही मागितली असेल तर ती घ्यावीच लागते. आमच्याकडे ती फक्त वर्षअखेरीस मागितली होती.

पुढे काय झाले

चार दिवसांनी न्यासाच्या कार्यालयातून फोन आला. बोलणारे गृहस्थ म्हणाले, “ताई, चूक झाली असे लिहिलेत ते बरे केलेत. आता मला वर उत्तर देता येईल.” तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्यांना आपण पत्र लिहितो त्यांनाही कुणाला तरी हिशेब द्यायचा असतो. आपल्या पत्रातली प्रत्येक ओळ त्यांना स्वतःच्या टिपणीत जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे. “अतिशय उत्तम रीतीने” हे शब्द त्यांना उतरवता येत नाहीत, “१०४ दिवस, सरासरी ३८” हे येतात.

रक्कम वळवायला परवानगी मिळाली, पण पुढे ६,५०० च्या वर एक रुपयाही न विचारता जाऊ नये, अशी ताकीदही मिळाली. ती योग्यच होती. हप्ता ९ डिसेंबरला खात्यात आला. ती नऊ मुले आजीपाशीच राहिली. संस्थेत आम्ही एक बदल केला. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत काका ती एक ओळ, दोन्ही बाजू जुळवून, वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात. मागणीचे पत्र लिहायची वेळ येते तेव्हा निम्मे पत्र तिथे तयारच असते.

यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली देणगी नेताना पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. त्याच्याकडे कुणी हिशेब मागितला नव्हता, तरी त्याने आधीच सोय केली. आपल्या मंडळीतर्फे एखाद्या कामाला वर्गणी जात असेल, तर पुढच्या वेळी अहवाल हाती आल्यावर ती एक ओळ शोधून पाहा : मिळालेले एका बाजूला, खर्च आणि शिल्लक दुसऱ्या बाजूला, तारीख एकच. ती नसेल तर प्रेमाने मागा. आमच्याकडेही मागा.